मिड-मंथ म्हणजे नक्की कोणती तारीख?

गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून चाकणच्या एका कंपनीला मेल जातो: ‘टेस्ट रिपोर्ट अर्ली नेक्स्ट वीक पाठवतो. माल मिड-मंथपर्यंत निघेल. मागचं पेमेंट मंथ-एंडला होईल एवढं पाहा.’ हा मेल काल्पनिक आहे, पण असे मेल रोज हजारोंनी जातात. त्यात तीन मुदती आहेत आणि तारीख एकही नाही. दोन्ही बाजूंना मात्र वाटतं की सगळं ठरलं.

दोघांनी मनात धरलेल्या तारखा वेगळ्या असतात. पाठवणारा प्रत्येक शब्दाची शेवटची कड धरतो आणि वाचणारा पहिली. ‘पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला’ म्हणताना फाउंड्रीवाल्याच्या डोक्यात मंगळवारची संध्याकाळ असते, तर चाकणचा क्वालिटी इंजिनियर सोमवारी सकाळी अकराला मेल उघडून बसतो. यात कुणी खोटं बोललेलं नाही. असा प्रत्येक शब्द म्हणजे चार-पाच दिवसांचा पट्टा असतो आणि त्याच्या कोणत्या टोकाला उभं राहायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं. तो पट्टा साधारण केवढा असतो आणि कुठे ताणला जातो, हे ऑगस्ट २०२५चं कॅलेंडर समोर ठेवून पाहू.

अर्ली नेक्स्ट वीक

तिघांत हा शब्द सगळ्यात सरळ. पाच दिवसांच्या कामाच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार ही सुरुवात, बुधवार मध्य आणि गुरुवार-शुक्रवार शेवट, अशी वाटणी बहुतेक ऑफिसांत न बोलता मानली जाते. म्हणजे ७ ऑगस्टच्या मेलमधल्या ‘अर्ली नेक्स्ट वीक’चा अर्थ सोमवार ११ किंवा मंगळवार १२ ऑगस्ट. बुधवारी दुपारपर्यंत आलेला रिपोर्ट लोक चालवून घेतात, गुरुवारी आला तर तो उशिरा आला असंच म्हणतात. फॉलोअपचा फोन करायचा तर मंगळवारी संध्याकाळी किंवा बुधवारी सकाळी करावा. सोमवारी केला तर समोरच्याला तो तगादा वाटतो.

गोंधळ होतो तो आठवडा कधी सुरू होतो यावर. तोच मेल रविवारी, १० ऑगस्टला गेला असता तर ‘नेक्स्ट वीक’ म्हणजे उद्यापासूनचा आठवडा की १८ तारखेचा? तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ ८६०१ मध्ये, आठवडा सोमवारी सुरू होतो. भिंतीवरच्या आणि अमेरिकी पद्धतीच्या अनेक कॅलेंडरांत तो रविवारपासून मोजतात. रविवारी मेल लिहिणाऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा उद्यापासूनचाच आठवडा असतो. वाचणारा मात्र तो मेल सोमवारी सकाळी उघडतो आणि त्याच्यासाठी ‘नेक्स्ट वीक’ सात दिवस पुढे सरकतो. म्हणून शनिवार-रविवारी लिहिलेल्या निरोपात हा शब्द टाळलेलाच बरा.

दुसरी अडचण आखाती देशांत काम करणाऱ्या मराठी माणसांना चांगली ठाऊक आहे. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि काम रविवारी सुरू होतं. रियाधहून आलेल्या ‘अर्ली नेक्स्ट वीक’मध्ये रविवार आणि सोमवार येतात. दुबईतही पूर्वी असंच होतं, पण संयुक्त अरब अमिरातीच्या केंद्र सरकारने १ जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवारची सुटी स्वीकारली. आपल्याकडेही सगळीकडे एकच आठवडा नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तिथे ‘आठवड्याच्या शेवटी माल घेऊ’ म्हणणारा स्टोअरवाला बुधवारबद्दल बोलतोय की शनिवारबद्दल, हे विचारावंच लागतं.

मिड-मंथ

महिन्याचा मध्य म्हणजे १५ तारीख, हे सगळ्यांना पाठ असतं. निरोपात मात्र ‘मिड-मंथ’ म्हणजे १५च्या आगेमागे दोन-तीन दिवस, साधारण १३ ते १७, असा अर्थ चालतो. त्यातही ‘मिड-मंथला’ आणि ‘मिड-मंथपर्यंत’ यांत फरक आहे. पहिल्यात दोन्ही बाजूंना सवड असते. ‘पर्यंत’ म्हटलं की १५ ही शेवटची तारीख होते आणि १६ला आलेला माल उशिरा आलेला ठरतो.

आता ऑगस्ट २०२५कडे पाहा. १५ तारखेला, शुक्रवारी, स्वातंत्र्यदिनाची सुटी. १६ला शनिवार आणि त्यात दहीहंडी. १७ला रविवार. म्हणजे १३ ते १७ या पट्ट्यातला मागचा अर्धा भाग सुट्यांनीच खाल्ला. ‘मिड-मंथपर्यंत निघेल’ याचा खरा अर्थ दोनच तारखांत उरतो: सुटीच्या आधी गुरुवार, १४ ऑगस्ट, नाहीतर सुटीनंतर सोमवार, १८ ऑगस्ट. फाउंड्रीवाला म्हणेल, पंधराला सुटी होती, म्हणून पुढच्या कामाच्या दिवशी माल काढला. चाकणचा पर्चेस मॅनेजर म्हणेल, पंधराला सुटी आहे हे माहीत होतं, मग चौदाला का नाही काढला?

कायद्यात दोघांनाही आधार सापडेल. सामान्य खंड अधिनियम १८९७च्या कलम १० नुसार, केंद्रीय कायद्याने एखादी गोष्ट न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात करायला मुदत दिली असेल आणि शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर ती गोष्ट पुढच्या उघड्या दिवशी केली तरी मुदतीत केली असं धरतात. इथे मुदत पुढे सरकते. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१चं कलम २५ उलट सांगतं. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुटीच्या दिवशी संपत असेल, तर ती लगेच आधीच्या कामाच्या दिवशी देय होते. इथे मुदत मागे सरकते. ऑफिसातल्या साध्या निरोपाला यातलं कोणतंच कलम आपोआप लागू होत नाही. तरी रोजच्या वहिवाटीत पगार सुटीच्या आधी देण्याकडे कल असतो, तर माल किंवा काम सुटीनंतर ढकललं जातं. करणाऱ्याच्या सोयीने तारीख सरकते, हे एकदा लक्षात आलं की कुठे आधीच विचारायचं ते कळतं. मुदत सुटीवर पडत असेल तर ‘सुटीच्या आधी’ किंवा ‘सुटीनंतर’ हे दोन शब्द निरोपात घालावेतच.

मंथ-एंड

तिसरा शब्द सगळ्यात अवघड, कारण एकाच महिन्याला शेवट अनेक असतात. ऑगस्ट २०२५ची शेवटची तारीख ३१, पण तो रविवार. शनिवार, ३० ऑगस्ट हा महिन्यातला पाचवा शनिवार. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पाचव्या शनिवारी उघड्या असतात, म्हणून बँकेचा शेवटचा दिवस ३०. सहा दिवस चालणाऱ्या कारखान्याचाही तोच. पाच दिवसांच्या ऑफिसचा शेवटचा दिवस मात्र शुक्रवार, २९ ऑगस्ट.

अकाउंट्स विभागाचा महिना त्याहून आधी संपतो. बऱ्याच कंपन्यांत पेमेंटची यादी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा बंद होते. उदाहरणार्थ, २५ तारखेपर्यंत मंजूर झालेली बिलंच त्या महिन्याच्या यादीत येतात. २६ला आलेलं बिल तारखेने ऑगस्टचं असलं तरी पैसे सप्टेंबरच्या यादीत निघतात. त्यात २७ ऑगस्टला, बुधवारी, गणेश चतुर्थी होती. महाराष्ट्रात त्या आठवड्यात सही करणारा साहेब गावी असण्याचीच शक्यता जास्त, आणि गोव्यात तर चवथीच्या दुसऱ्या दिवशीही सुटी असते. दिल्लीच्या मुख्य कार्यालयात बसलेल्या माणसाला हे कॅलेंडरात दिसत नाही.

बँकेचं नाव पुढे करून उशीर समजावण्याची सवय मात्र आता जुनी झाली आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही चालतं. रविवारी, ३१ ऑगस्टलाही पैसे जाऊ शकले असते. अडतं ते मंजुरीवर. म्हणून ‘मंथ-एंडला पेमेंट’ असं आश्वासन मिळालं तर दोन गोष्टी विचाराव्यात: पेमेंटची यादी कोणत्या तारखेला बंद होते, आणि त्या यादीत आपलं बिल आहे का. त्या दोन उत्तरांतून खरी तारीख निघते.

माल पाठवणारा आणि घेणारा यांच्या बाबतीत तर महिन्याचा शेवट दोन ठिकाणी असतो. समजा, फाउंड्रीचा माल रखडला आणि शेवटी शनिवारी, ३० ऑगस्टला बिल करून ट्रक सुटला. विकणाऱ्याच्या दृष्टीने काम मंथ-एंडच्या आत झालं, कारण बिल ऑगस्टचं आहे आणि विक्री ऑगस्टमध्ये धरली जाईल. जीएसटीचं विवरण दरमहा भरणारा विक्रेता हे बिल ११ सप्टेंबरपर्यंतच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवेल आणि १४ सप्टेंबरला ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटेल. पण ट्रक रविवारी चाकणला पोचला, गेट बंद होतं, आणि गेट एंट्री झाली सोमवारी, १ सप्टेंबरला. खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट घ्यायचं तर बिलासोबत माल हाती आलेला असावा लागतो. माल सप्टेंबरमध्ये मिळाला, म्हणून ते क्रेडिट सप्टेंबरच्या विवरणात, म्हणजे २० ऑक्टोबरच्या मुदतीच्या जीएसटीआर-३बी मध्ये वापरायचं. ट्रक एक दिवस आधी गेटच्या आत आला असता तर हेच क्रेडिट २० सप्टेंबरच्या विवरणात बसलं असतं. ‘मंथ-एंडला माल’ म्हणताना बिलाची तारीख धरायची की गेट एंट्रीची, एवढाच प्रश्न होता. तो न विचारल्यामुळे कराची रक्कम महिनाभर अडकली.

जिथे हे शब्द मोजून ठेवले आहेत

जगात एक धंदा असा आहे जिथे या शब्दांवरून इतकी भांडणं झाली की त्यांच्या तारखाच लिहून ठेवाव्या लागल्या. तो म्हणजे निर्यातीच्या लेटर ऑफ क्रेडिटचा, आपल्याकडे ज्याला नुसतं ‘एलसी’ म्हणतात त्याचा. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने एलसीसाठी केलेली यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७पासून लागू आहे. तिच्या तिसऱ्या कलमात महिन्याचे सरळ तीन तुकडे केले आहेत. महिन्याची सुरुवात म्हणजे १ ते १०, मध्य म्हणजे ११ ते २० आणि शेवट म्हणजे २१ ते महिन्याची अखेरची तारीख, दोन्ही टोकांचे दिवस धरून. पहिला अर्धा म्हणजे १ ते १५ आणि दुसरा अर्धा १६ ते अखेर. ‘अमुक तारखेच्या सुमारास’ असं लिहिलं असेल तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. म्हणजे १५ ऑगस्टच्या सुमारास माल चढवायचा असेल तर १० ते २० ऑगस्ट, दोन्ही दिवस धरून.

याच कलमात ‘लगेच’, ‘तत्काळ’, ‘शक्य तितक्या लवकर’ अशा अर्थाच्या शब्दांचाही निकाल लावला आहे. कागदपत्रातच ते शब्द असायला हवेत अशी अट नसेल, तर बँकेने त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं. ज्या शब्दाची तारीख काढता येत नाही, तो नसल्यासारखाच. ऑफिसच्या मेलमधल्या ‘अर्जंट’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’चीही गत शेवटी हीच होते, फक्त तसा नियम कुणी लिहिलेला नसतो.

हा नियम किती काटेकोर आहे ते तासगावच्या एखाद्या बेदाणा निर्यातदाराच्या उदाहरणावरून कळेल. हेही उदाहरण काल्पनिक, पण नियम खरे. एलसीत लिहिलंय, माल ऑगस्ट महिन्याच्या मध्यात जहाजावर चढवावा. यूसीपीप्रमाणे ही मुदत ११ ते २० ऑगस्ट. कंटेनर १४ला तासगावहून निघाला, १६ला न्हावा शेवा बंदरात पोचला, पण जहाज लांबलं आणि माल २१ ऑगस्टला चढला. माल कारखान्यातून कधी निघाला याला इथे अर्थ नाही. समुद्रमार्गे पाठवलेल्या मालात बिल ऑफ लेडिंगवर नोंदलेली माल चढल्याची तारीख पाहिली जाते. ती २१ आहे, म्हणजे एका दिवसाने मुदत चुकली. कागद सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. या एका त्रुटीवर ती पैसे नाकारू शकते. मग आयातदाराने त्रुटी मान्य करून सूट दिली तरच व्यवहार सुटतो, आणि त्या वेळी भाव पाडून मागण्याची संधी त्याला मिळते.

यूसीपीची ही वाटणी आपल्या रोजच्या मेलला लागू होत नाही. एलसीतही ती लागू असल्याचं लिहिलेलं असावं लागतं. पण तिच्यावरून एक गोष्ट कळते. साध्या बोलण्यात ‘मध्य’ पाच दिवसांचा असतो आणि इथे तो दहा दिवसांचा. साध्या बोलण्यात ‘शेवट’ म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस आणि इथे तो २१ला सुरू होतो. म्हणून निर्यात विभागातला माणूस ‘एंड ऑगस्ट’ म्हणतो तेव्हा त्याला २२ तारीखही त्यात बसते. त्याच कंपनीतल्या देशांतर्गत विक्रीवाल्याला मात्र तो शब्द ऐकून २९ किंवा ३० आठवते.

शब्दातून तारीख काढायची रीत

अस्पष्ट निरोप आला की त्यातून तारीख स्वतः काढावी, पट्ट्याच्या शेवटच्या टोकाची काढावी आणि ती लिहून परत पाठवावी. कामाचे दिवस हाताने मोजताना सुट्या निसटतात, त्यामुळे हे काम एक्सेलला दिलेलं सोयीचं. A1 या चौकटीत मेलची तारीख आणि C2 ते C10 मध्ये आपल्या कंपनीच्या सुट्या लिहून ठेवल्या, तर पुढचं पहिलं सूत्र १५ तारखेचा किंवा त्याआधीचा शेवटचा कामाचा दिवस देतं आणि दुसरं महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस.

```
=WORKDAY(DATE(YEAR(A1),MONTH(A1),16),-1,C2:C10)
=WORKDAY(EOMONTH(A1,0)+1,-1,C2:C10)
```

७ ऑगस्ट २०२५ ही तारीख आणि १५ व २७ ऑगस्टच्या सुट्या घातल्या तर उत्तरं येतात १४ आणि २९ ऑगस्ट. चौकटीत तारखेऐवजी पंचेचाळीस हजारांच्या घरातला आकडा दिसला तर सूत्र चुकलेलं नसतं, फक्त त्या चौकटीचं स्वरूप ‘तारीख’ करायचं राहिलेलं असतं. हे सूत्र शनिवार-रविवार दोन्ही सुटी धरतं. फक्त रविवारी बंद असणाऱ्या कारखान्यासाठी दुसरं सूत्र असं लिहावं:

```
=WORKDAY.INTL(EOMONTH(A1,0)+1,-1,11,C2:C10)
```

यातला ११ हा आकडा ‘फक्त रविवार सुटी’ असं सांगतो आणि उत्तर ३० ऑगस्ट येतं. गुरुवारी सुटी असेल तर ११च्या जागी १५ येतो. तेव्हा उत्तर ३१ ऑगस्ट निघतं, कारण त्या कारखान्यात रविवारी काम चालू असतं. एकाच महिन्याची तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

सूत्र तारीख देतं, पण समोरच्याला ती मान्य आहे का हे त्याला विचारावंच लागतं. चाकणच्या पर्चेस विभागाने त्या गुरुवारच्या मेलला असं उत्तर दिलं असतं तर काम झालं असतं: ‘रिपोर्ट मंगळवार, १२ ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत मिळेल असं धरतो. माल सुटीच्या आधी, गुरुवार, १४ ऑगस्टला निघावा. आमच्या पेमेंटची यादी २५ला बंद होते, तुमचं मागचं बिल त्यात आहे, पैसे शुक्रवार, २९ला सुटतील. यातलं काही जमणार नसेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा.’ यात तारखेबरोबर वार लिहिला आहे, म्हणजे आकडा टाइप करताना चुकला तर लगेच लक्षात येतं. माल ‘निघावा’ म्हटलं आहे, ‘पोचावा’ नाही, त्यामुळे कोणती घटना मोजायची तेही ठरलं. आणि हरकत घ्यायला मुदत दिली आहे.

काही वेळा मात्र समोरच्याला तारीख द्यायचीच नसते. सुटा भाग कुणाकडून येणार हे ठरलेलं नाही, साहेबांनी फाइल पाहिलेली नाही, तेव्हा ‘मिड-मंथ’ हा शब्द मुद्दाम वापरलेला असतो. अशा वेळी तारीख मागितली की उत्तर लांबतं किंवा ‘बघतो’ असं येतं. ती खूण ओळखावी. तिथे तारखेचा हट्ट धरण्याऐवजी ‘तारीख कधी कळेल’ हे विचारावं आणि त्या उत्तराची तारीख लिहून घ्यावी. तीही देता येत नसेल, तर तो माल त्या महिन्याच्या नियोजनात धरू नये.